भोक डायलला, धूळ चावीतून

गेल्या पावसाळ्यात माझं ओपन हार्ट घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे जायला लागलं. त्याच्या डायलला नऊच्या जागी एक गोल खिडकी आहे आणि तिच्यातून आतलं बॅलन्स चाक झुलताना दिसतं. मला वाटलं, हे भोकच नडलं, इथूनच धूळ शिरली. आमच्या घड्याळजींनी मान हलवली. म्हणाले, "काच शाबूत आहे ना? मग डायलला एक भोक असो की पन्नास, बाहेरची हवा तिथे पोचतच नाही."

हे एकदा समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. धूळ अडवण्याचं काम डायलचं नाही. ते काम काचेच्या कडेचं, मागच्या झाकणाचं आणि चावीच्या दांड्यावरचं रबर करतं. धूळ येते ती झिजलेल्या रबरातून, ओढून ठेवलेल्या चावीतून, किंवा घड्याळ उघडलेलं असताना. माझ्या घड्याळाची काच दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात बदलली होती आणि आतून कापडाने पुसली होती. त्या कापडाचा तंतू हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकला होता. वेटोळी एकमेकांना चिकटली की स्प्रिंगची चालती लांबी कमी होते, बॅलन्स घाईने झुलतो आणि घड्याळ पुढे पळतं. चुंबकाचा परिणाम झाला तरी लक्षण हेच दिसतं. म्हणून घड्याळजींनी आधी घड्याळाजवळ होकायंत्र धरून पाहिलं. सुई हलली नाही, तेव्हाच मशीन उघडलं.

डायलचा धुळीशी थोडा संबंध आहे, पण तो आतल्या कचऱ्यापुरता. काट्यावरच्या चमकत्या रंगाचा कण सुटला तर साध्या घड्याळात तो डायलवर पडून राहतो. ओपन हार्टमध्ये तो खिडकीतून आत जाण्याची शक्यता आहे. स्केलेटन घड्याळाला डायल जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिथे तो सरळ चाकांवर पडतो. शिवाय ओपन हार्टच्या साध्या डायलवर असा कण लगेच नजरेत भरतो. स्केलेटनच्या कोरीव गर्दीत तो लपतो, तिरप्या टॉर्चनेच सापडतो.

मशीन किती दिसतं हा मुद्दा सगळ्यात गमतीचा. सेकोच्या कंपनीची NH38 आणि NH70 ही मशीनं शेजारी ठेवून पाहा. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींत बॅलन्स सेकंदाला 6 ठोके देतो. NH38 खास ओपन हार्टसाठी आहे. तिच्यात खालच्या प्लेटलाही बॅलन्सपाशी जागा मोकळी ठेवलेली असते, म्हणून पुढून झुलणारं चाक दिसतं आणि त्याच्या आऱ्यांमागे श्वास घेतल्यासारखी मिटणारी-उघडणारी हेअरस्प्रिंग. बाकी सगळं झाकलेलं. NH70 मध्ये प्लेट आणि ब्रिजचा धातू जागोजागी काढून टाकलेला असतो, त्यामुळे नजर आरपार जाते. पण ती ऑटोमॅटिक आहे, म्हणून मागे रोटर फिरत असतो. तो मध्ये आला की पलीकडचं झाकतो, बाजूला गेला की मनगटावरचे केस दिसतात.

मला विचाराल तर स्केलेटनचं खरं सुख हाताने चावी देण्याच्या घड्याळात आहे. बॅरलचं झाकण कोरलेलं असेल तर सकाळी चावी देताना मेन स्प्रिंग मधल्या दांड्याभोवती आवळत जाते आणि रात्रीपर्यंत ती सैल झालेली दिसते. तिथून चाकांची रांग धरून बॅलन्सपर्यंत ताकद कशी पोचते, हे बोट ठेवून दाखवता येतं. ओपन हार्ट या गोष्टीचा फक्त शेवट दाखवतं.

याची किंमत वेळ वाचताना मोजावी लागते. काटे चांदीसारखे, मागची चाकं चांदीसारखी, त्यात काटेही मधून पोकळ असले की अंधुक जिन्यात दहा दहा झालेत की एक पन्नास, हे एका नजरेत कळत नाही. दुकानात प्रखर दिव्याखाली हे जाणवत नाही. म्हणून घड्याळ काउंटरपासून दूर, सावलीत न्यायचं, हात लांब करायचा आणि एका झटक्यात वेळ सांगून पाहायची. निळे किंवा काळे भरीव काटे आणि कडेला खुणांची सलग पट्टी असेल तर स्केलेटनही नीट वाचता येतं. ओपन हार्टची अडचण लहान आहे. खिडकी नऊपाशी असेल तर मिनिटकाटा साधारण 42 ते 48 मिनिटांच्या दरम्यान तिच्यावरून जातो, आणि तेवढ्या वेळात गडद काटा गडद पोकळीत हरवतो. खिडकीला उजळ कडा असेल आणि काट्याचं टोक तिच्या पलीकडे पोचत असेल, तर तेही निभावतं.

माझ्या घड्याळातला तंतू घड्याळजींनी बॅलन्स बाहेर काढून, भिंगाखाली चिमट्याने सोडवला. मग काच आतून ब्लोअरने साफ केली आणि चावीचं रबर नवं घातलं. जुनं रबर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूने ते चपटं झालं होतं आणि नखाने दाबताच तुटलं.