आधीचं काम फसलं, पुढच्याचं काय?

बँकेचं शटर खाली गेल्यावर संगणकाची रात्रपाळी सुरू होते. दिवसभराचे व्यवहार खात्यांवर चढवणं, व्याज काढणं, कर्जाचे हप्ते वळते करणं, अहवाल, बॅकअप अशी ही कामं ठरल्या क्रमाने आपोआप चालतात. त्यातलं एखादं फसलं, तर बाकीच्यांनी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, कारण रात्री दोन वाजता विचारायला कोणी जागेवर नसतं.

व्यवहार चढवण्याचं कामच फसलं, तर प्रश्न उरत नाही. शिल्लक चुकीची असेल तर व्याजही चुकणार आणि हप्तेही. ती कामं रद्दच व्हायला हवीत. उलट, बॅकअपला आधीच्या कामाच्या यशाशी देणंघेणं नाही, ते काम संपलं की पुरे. एअरफ्लो या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक एका शब्दाने सांगतात. मूळ नियम `all_success`, म्हणजे आधीची सगळी कामं यशस्वी झाली तरच चालायचं. बॅकअपला `all_done` लावला की यश असो वा अपयश, तो चालतो.

अवघड असतं ते मधलं प्रकरण. समजा, व्याजदरांचा तक्ता न मिळाल्याने व्याजाचं काम अडलं. एरवी व्याज फक्त मोजून ठेवलं जातं, खात्यात पडत नाही. त्यामुळे हप्त्यांचं काम खुशाल चालू द्यावं. पण ३० जूनच्या रात्री तिमाहीचं व्याज जमा व्हायचं असतं. एखाद्याच्या खात्यात ४,९८० रुपये आहेत, ३८ रुपये व्याज येणार आहे आणि १ जुलैला ५,००० चा हप्ता आहे. व्याजाआधी हप्ता घेतला, तर तो परत जाईल आणि खातेदाराला नाहक दंड बसेल. त्या रात्री हप्त्यांनी थांबायलाच हवं. म्हणजे तीच दोन कामं, पण नियम तारखेप्रमाणे वेगळा.

थांबण्यालाही मुदत हवी. पहाटे पाचपर्यंत तक्ता आला नाही, तर जबाबदार माणसाला फोन गेला पाहिजे. नाहीतर काम मुकाट्याने ताटकळत राहतं आणि सकाळी शाखा उघडल्यावरच कळतं. दुसरा धोका अधिक फसवा: तक्त्याची फाईल येते, पण रिकामी. प्रोग्राम चुकीचा निरोप न देता संपतो आणि त्याची नोंद ‘यशस्वी’ अशी होते. म्हणून पुढचं काम सोडण्याआधी फाईलमधल्या नोंदी मोजून घ्याव्यात.

एक रात्र बिघडली की दुसरीही अडते, कारण आजची सुरुवात कालच्या शिलकेवर होते. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात ही कामं लावणारं सॉफ्टवेअर बदलताना गोंधळ झाला. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ बसली, आणि २०१४ मध्ये नियामकांनी बँकेला ५.६ कोटी पौंडांचा दंड केला.