रातराणीचे घड्याळ

दुपारी चार वाजता रातराणीच्या झुडपाशी उभे राहिले, तर तिथे काही विशेष आहे असे वाटतही नाही. हिरवट-पांढऱ्या, काडीसारख्या बारीक फुलांचे घोस लोंबत असतात. त्यांची तोंडे मिटलेली असतात. एक घोस नाकाशी धरला तरी पाल्याचा वास येतो, फुलांचा येत नाही. त्याच झुडपाची फुले दिवेलागणीनंतर पाच टोकांच्या चांदण्या होऊन उमलतात आणि रात्री नऊच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही खाली रातराणी असल्याचे कळते. पहाटेपर्यंत वास ओसरतो, फुले मिटतात आणि संध्याकाळी पुन्हा तोच प्रकार.

यावर घरोघरी सांगितली जाणारी उपपत्ती अशी, की वास दिवसभर फुलात असतोच, फक्त उन्हाने उडून जातो आणि रात्री हवा गार झाली की साचून राहतो. ऐकायला पटते, पण ते खरे नाही. रात्रीची संथ हवा वास थोडा टिकवून धरते, हे मान्य. मात्र दिवसा फूल मुळात वास बनवतच नाही म्हटले तरी चालेल.

याचा पडताळा रातराणीवरच घेतला गेला आहे. १९६० साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी’मध्ये एल. ओव्हरलँड यांचा रातराणीवरचा शोधनिबंध आला. बाहेरच्या दिवस-रात्रीचा पत्ता लागू नये अशा एकसारख्या परिस्थितीत ठेवलेली फुलेही ठरावीक अंतराने उमलत होती, मिटत होती, आणि वासही तसाच येत-जात होता. म्हणजे ‘आता रात्र झाली’ हे फुलाला अंधार सांगत नाही, त्याच्या आतले घड्याळ सांगते. रोजचा सूर्योदय आणि सूर्यास्त ते घड्याळ फक्त जुळवून देतात. भर दुपारी कुंडी कपाटात ठेवून रातराणीला फसवता येत नाही, ते यामुळेच. गंमत म्हणजे याच वंशातली एक वनस्पती आपल्याकडच्या बागांत ‘दिन का राजा’ नावाने ओळखली जाते. तिचीही फुले पांढरी आणि नळीदार, पण ती दिवसा गंध देते. घड्याळ दोघांकडेही आहे, गजर वेगवेगळ्या वेळेचा लावलेला आहे.

हे घड्याळ फुलाच्या पेशीत नेमके कसे चालते, याचा उलगडा व्हायला आणखी पन्नासेक वर्षे गेली, आणि तो झाला पेटुनियावर. पेटुनिया रातराणीच्याच कुळातली, म्हणजे वांगी-टोमॅटोच्या कुळातली. तिच्या काही पांढऱ्या जाती संध्याकाळनंतर घमघमतात आणि प्रयोगशाळेत सहज वाढतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ताकातो इमाइझुमी यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले, की तिथे सगळा खेळ दोन जनुकांमधला आहे. एकाचे नाव ‘ओडोरंट-१’. ते जागे झाले की गंधद्रव्ये बनवणारी पेशीतली सगळी साखळी कामाला लागते. दुसऱ्याचे नाव ‘एलएचवाय’. ते पेशीच्या घड्याळाचाच एक भाग आहे आणि त्यापासून बनणारे प्रथिन सकाळी भरपूर असते. हे प्रथिन ओडोरंट-१ वर जाऊन बसते आणि त्याला डोके वर काढू देत नाही. दिवस चढतो तसे ते कमी होत जाते. संध्याकाळी पहारा उठतो, ओडोरंट-१ मोकळे होते आणि रात्री वास दरवळू लागतो.

संशोधकांनी मग या पहाऱ्यातच ढवळाढवळ केली. ज्या झाडांत एलएचवाय दिवसरात्र भरपूर राहील अशी तजवीज केली, त्यांचा वास जवळजवळ नाहीसा झाला. ज्यांत ते कमी केले, त्यांना नेहमीच्या वेळेआधीच वास येऊ लागला. फुलाचा रंग तोच, आकार तोच. वेळापत्रक तेवढे बिघडले.

वास बनला म्हणजे तो आपोआप हवेत जातो, असेही बरीच वर्षे मानले जात होते. गंधद्रव्याचे रेणू लहान आणि उडून जाणारे, तेव्हा ते पाकळीतून झिरपत असणार, असा सरळ तर्क होता. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नतालिया दुदारेवा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पेटुनियाच्या पेशीत या रेणूंना बाहेर ढकलणारे एक वाहक प्रथिन शोधून काढले. ते प्रथिन कमी केल्यावर वास घटला आणि द्रव्ये आतच साठून पेशीच्या पटलाला इजा होऊ लागली. फुलाला सुगंधाचा साठा करून ठेवणे परवडत नाही, ते इथे कळते. लागेल तेव्हा बनवायचा आणि लगेच बाहेर काढायचा.

निशिगंधाच्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी, आपल्या अनुभवातून कळली होती. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. दक्षिण फ्रान्समधले ग्रास हे गाव अत्तरांसाठी प्रसिद्ध, आणि तिथे निशिगंध आणि चमेली या दोन फुलांसाठी एक वेगळीच रीत होती. लाकडी चौकटीत काच बसवायची, काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा आणि त्यावर ताजी फुले एकेक करून मांडायची. एक-दोन दिवसांनी ती काढून नवी मांडायची. चरबी वासाने पुरती तृप्त होईपर्यंत हे चालू ठेवायचे. काम वेळखाऊ, मजुरी अफाट. तरीही ही रीत टिकली, कारण निशिगंधाचे फूल तोडल्यावरही जिवंत असते आणि वास बनवत राहते. तेच फूल थेट द्रावकात बुडवले तर मरते, आणि त्या क्षणी त्याच्यात जेवढा गंध असेल तेवढाच हाती लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोन्ही रीतींची तुलना झाली, तेव्हा चरबीच्या रीतीने मिळालेले सुगंधी तेल दहापटीहून अधिक भरले.

आज तो खर्च परवडत नाही, म्हणून द्रावकच वापरतात. त्यातून मेणासारखा जो अर्क निघतो, त्याला अत्तरधंद्यात ‘काँक्रीट’ म्हणतात. हजार किलो फुलांतून तो साधारण किलोभर मिळतो. यासाठी एकेरी पाकळ्यांचा निशिगंध लागतो; डबल जातीची फुले गुच्छात भारदस्त दिसतात, पण वासात मागे पडतात. महाराष्ट्रात हा एकेरी निशिगंध ‘गुलछडी’ म्हणून हारवाल्यांकडे किलोवर विकला जातो. त्याची तोडणी भल्या पहाटे होते, ऊन चढायच्या आत. हारात ओवलेल्या गुलछडीचा वास रात्री पुन्हा उसळतो, तोही याच कारणाने: फूल देठावरून तुटले तरी पेशीतले घड्याळ एवढ्यात थांबत नाही. एक विसंगती मात्र आहे. लागवड सगळी कंदांवर होते, बियांची गरजच पडत नाही. तरी निशिगंध ज्याच्यासाठी रोज रात्री एवढा खटाटोप करतो, त्या पाहुण्याला तो विसरलेला नाही.

तो पाहुणा म्हणजे मुख्यतः हॉकमॉथ नावाचे धष्टपुष्ट पतंग. भारतातही ते भरपूर आहेत. रताळ्याच्या वेलावर वाढणाऱ्या एका जातीची सोंड तिच्या अंगाहूनही लांब असते. एरवी ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. पतंग फुलासमोर हवेत तरंगत राहतो, सोंड सोडतो आणि नळीच्या तळाशी असलेला मध ओढून घेतो. तेवढ्यात तोंडाला आणि सोंडेला चिकटलेले पराग पुढच्या फुलावर पोहोचतात. फिकट रंग, लांब नळी, तळाशी मध आणि अंधार पडल्यावरचा गोडसर, जड वास, एवढे एकत्र दिसले की ग्राहक बहुधा हाच. तो लांबून वासाच्या मागावर वाऱ्याविरुद्ध नागमोडी उडत येतो, आणि जवळ आला की फुलाचा फिकटपणा त्याच्या नजरेत भरतो. रातराणीच्या वासाने साप येतात ही समजूत याच यादीत घुसवली जाते, पण सापाला मधात काही रस नाही. तो आलाच तर झुडपाखालच्या बेडकांसाठी किंवा उंदरांसाठी येतो.

पण हा पाहुणा सरळ नाही. पतंग मध पितो आणि जाता जाता पानावर अंडी घालतो. त्यातून निघणाऱ्या अळ्या झाड फस्त करतात. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाळवंटी भागात वाढणाऱ्या रानतंबाखूने या पेचावर काढलेला तोडगा डॅनी केसलर, इयान बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. या तंबाखूची फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री बेंझिल ॲसिटोन या द्रव्याच्या वासाने हॉकमॉथला बोलावतात. अळ्यांनी पाने कुरतडायला सुरुवात केली, की काही दिवसांत झाडावर वेगळ्या वेळेची फुले वाढू लागतात. ती सकाळी उमलतात आणि त्यांत बेंझिल ॲसिटोन फारच कमी असते. सकाळी तिथे येतो तो हमिंगबर्ड. त्याला वासाची पर्वा नसते, आणि तो अंडीही घालत नाही. अळीच्या लाळेतली द्रव्ये पानाला लागतात, त्यावरून झाडाला हल्ल्याची खबर मिळते. सगळी फुले मात्र सकाळची होत नाहीत. हॉकमॉथ लांबलांबचे पराग आणतो, त्यामुळे त्याच्याशी पूर्ण काडीमोड घेणे झाडाच्या हिताचे नसावे.

अलीकडे या रात्रीच्या व्यवहारात तिसरेच कोणी शिरले आहे. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि हवेतला ओझोन यांच्या संयोगातून नायट्रेट मूलके तयार होतात. ती फुलांच्या वासातल्या काही रेणूंवर तुटून पडतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जेफ रिफेल आणि जोएल थॉर्नटन यांच्या गटाने २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचा तपशील दिला. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातल्या कोरड्या माळावर रात्री फुलणारी, फिकट रंगाची एक वनस्पती त्यांनी निवडली. या मूलकांमुळे तिच्या वासातले मोनोटर्पीन वर्गाचे रेणू सर्वांत आधी नष्ट होत होते, आणि हॉकमॉथ प्रामुख्याने त्यांच्याच मागावर येत होते. संशोधकांनी मग कृत्रिम फुले केली. काहींना पूर्ण वास दिला, तर काहींना प्रदूषित हवेत उरेल तेवढाच. दुसऱ्या प्रकारच्या फुलांकडे हॉकमॉथच्या फेऱ्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. ही मूलके दिवसा उन्हात लगेच मोडतात, हवेत टिकतात ती सूर्य मावळल्यावर, म्हणजे नेमकी रात्रीची फुले उमलतात तेव्हा.