एक लाख दोन हजारांचे दोन रुपये

पाणीपुरवठ्याच्या कामाचे अंदाजपत्रक पीडीएफमध्ये आले आहे आणि त्यातला तक्ता हिशेबासाठी सीएसव्ही फाइलमध्ये घ्यायचा आहे, असे समजा. रकाने चारच आहेत: क्रमांक, तपशील, नग आणि रक्कम. सातव्या नोंदीत पाइप आहेत. ८५० रुपयांचा एक, असे १२० नग, म्हणून रक्कम एक लाख दोन हजार. तपशिलाच्या सेलमध्ये मजकूर मावला नाही, म्हणून तो दोन ओळींत मोडला आहे. तक्ता उचलणाऱ्या प्रोग्रॅमने सगळे सेल बरोबर वाचले. पुढे कोणीतरी ते मध्ये स्वल्पविराम घालून नुसते जोडले आणि फाइलमध्ये हे उतरले:

```
7,पीव्हीसी पाइप, 4" व्यासाचा
(6 मीटर लांबी),120,1,02,000
```

सीएसव्ही फाइलला रकाना म्हणजे काय ते कळत नाही. तिच्या लेखी स्वल्पविराम आला की सेल संपला आणि ओळ संपली की नोंद संपली. त्यामुळे एका नोंदीच्या दोन झाल्या, पहिलीत तीन सेल आणि दुसरीत पाच. एक्सेलमध्ये ही फाइल उघडली की रकमेच्या चौथ्या रकान्यात 2 हा आकडा दिसतो. एक लाख दोन हजारांचे दोन रुपये झाले, आणि चुकीचा कसलाही इशारा आलेला नाही. आपल्याकडे लाख-हजारांत स्वल्पविराम देऊनच रकमा लिहितात, त्यामुळे हा धोका जवळजवळ प्रत्येक सरकारी तक्त्यात असतो.

यावरचा नियम जुना आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये `RFC 4180` या दस्तऐवजात तो लिहून ठेवला गेला. ज्या सेलमध्ये स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा ओळ तोडणारे चिन्ह असेल, तो पूर्ण सेल दुहेरी अवतरणात घालायचा. आत मुळातच अवतरणचिन्ह असेल, तर ते दोनदा लिहायचे. आपल्या नोंदीचे योग्य रूप असे:

```
7,"पीव्हीसी पाइप, 4"" व्यासाचा
(6 मीटर लांबी)",120,"1,02,000"
```

आता डोळ्यांना दोन ओळी दिसत असल्या तरी नोंद एकच आहे, कारण अवतरण उघडले की ते मिटेपर्यंत ओळ तुटली तरी नोंद चालूच राहते. इंचाची खूण दुहेरी झाली, म्हणून ती अवतरण मिटवत नाही. वाचणारा प्रोग्रॅम तिचे पुन्हा एकच चिन्ह करतो. सेल इंचाच्या खुणेवरच संपला, तर शेवटी ओळीने तीन अवतरणे येतात. ती पाहून कोणी एक खोडून टाकते, आणि मग न मिटलेले अवतरण पुढच्या कितीतरी नोंदी एकाच सेलमध्ये गिळते.

काही प्रोग्रॅम अवतरणाआधी तिरकी रेघ देतात, म्हणजे `\"`. मायएसक्यूएलची स्वतःची सवय तशीच आहे. एक्सेलला मात्र ती खूण कळत नाही. दुसरी चूक फारच छोटी असते: स्वल्पविरामानंतर वाचायला बरे म्हणून जागा सोडून अवतरण उघडणे. मग अवतरण सेलचे पहिले अक्षर राहत नाही आणि बरेच प्रोग्रॅम ते साधे अक्षर समजतात.

हे सगळे हाताने करू नये. पायथनमध्ये `csv` हे मोड्यूल तयारच आहे. गरज असेल त्याच सेलना ते अवतरण घालते.

```
with open("yadi.csv", "w", newline="",
          encoding="utf-8-sig") as f:
    csv.writer(f).writerows(rows)
```

यातले `newline=""` विसरले, तर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ दिसू लागते. `utf-8-sig` मुळे एक्सेलला देवनागरी नीट वाचता येते.

बरेच जण सोपी वाट म्हणून स्वल्पविराम आणि अवतरणे आधीच पुसून टाकतात. ते मला मुळीच पटत नाही. चार इंचांचा नुसता `4` उरला, तर तो इंच की सेंटिमीटर हे नंतर कोणी सांगू शकत नाही. अपवाद ओळ तुटण्याचा. `pdfplumber` सारखे साधन सेलमधली प्रत्येक तुटलेली ओळ `\n` म्हणून देते, मग ती केवळ रुंदी संपल्याने तुटलेली असली तरी. अशा ठिकाणी जागा सोडून मजकूर जोडणे योग्यच. पण एका सेलमध्ये तीन वस्तू एकाखाली एक लिहिल्या असतील, तर ती तोड मजकुराचाच भाग आहे. ती ठेवावी आणि अवतरणात घालावी.

फाइल नीट झाली की नाही, हे ओळी मोजून कळत नाही, कारण सेलच्या आतल्या ओळीही त्यात मोजल्या जातात. लिहिलेली फाइल `csv.reader` ने परत वाचा, प्रत्येक नोंदीत चारच सेल आहेत ना ते पाहा आणि सेलागणिक मूळ तक्त्याशी ताडा. मूळचा `None` वाचताना रिकामा सेल म्हणून येतो, तेवढा फरक धरू नका. बाकी कुठेही फरक दिसला, तर ती फाइल पुढे पाठवू नका.