चाळीस सेलची बॅटरी

ई-सायकलच्या एका बॅटरीत ३.६ व्होल्टचे चाळीस सारखे सेल आहेत: चार-चार समांतर आणि असे दहा गट एकसरीत. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध ०.०४ ओहम धरू. चौघांचा मिळून ०.०१, दहा गटांचा ०.१ ओहम. मोटरने १२ अँपिअर ओढले की १.२ व्होल्ट आतच खर्च होतात. ३६ऐवजी टोकांवर ३४.८ व्होल्ट उरतात. प्रत्येक सेलच्या वाट्याला ३ अँपिअर येतात.

खरी गोम पुढे आहे. गटातल्या एका सेलचा रोध वाढून दुप्पट झाला, तर तो सुरुवातीला १.७ अँपिअरच देतो आणि उरलेल्या तिघांवर प्रत्येकी ३.४ अँपिअरचा बोजा पडतो. मोटर थांबल्यावर कमी रिकामा झालेला हाच सेल शेजाऱ्यांना थोडा प्रवाह देत राहतो. टोकांवरचा व्होल्टेज मात्र जेमतेम ०.०२ व्होल्टने घटतो, त्यामुळे दोष शोधायला भार असताना गटागटाचा व्होल्टेज मोजावा लागतो.