यंत्र वर्ग 1 चं, आतला लेझर वर्ग 4 चा

सरकारी कचेरीत वर्ग 1 म्हणजे साहेब आणि वर्ग 4 म्हणजे शिपाई. हा क्रम आपल्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की लेझर कटरच्या मराठी मॅन्युअलमध्ये ‘वर्ग 4 लेझर’ वाचून एखाद्या ऑपरेटरला तो किरकोळ वाटला, तर दोष त्याचा नाही. लेझरमध्ये क्रम उलटा चालतो. वर्ग 1 निर्धोक. वर्ग 2 म्हणजे डोळ्यांना दिसणारा, 1 मिलिवॅटपर्यंतचा किरण. त्यात आपोआप मिटणारी पापणी डोळा वाचवते. 3B अर्ध्या वॅटपर्यंत जातो आणि त्यापुढचं सगळं वर्ग 4. ट्रॉफ्या आणि अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापणारी 80 वॅटची नळी त्यात कुठे बसते, हे सांगायला नको. ‘वर्ग’ऐवजी ‘श्रेणी’ लिहून सुटका होत नाही, कारण प्रथम श्रेणी आपल्याकडे निकालपत्रात असते. मी ‘धोका-वर्ग’ लिहितो आणि पहिल्या उल्लेखापाशीच सांगून टाकतो की आकडा वाढला की धोका वाढतो.

खरा घोळ पुढे आहे. त्याच यंत्राच्या बाहेर वर्ग 1 ची पट्टी असते आणि झाकणाखाली वर्ग 4 ची. अनुवादकाला ही छपाईची चूक वाटते आणि तो दोन्हीकडे एकच आकडा करून मोकळा होतो. पण दोन्ही पट्ट्या खऱ्या आहेत. बाहेरची पट्टी झाकण बंद असलेल्या यंत्राबद्दल बोलते, आतली झाकण उघडल्यावर बाहेर येऊ शकणाऱ्या किरणाबद्दल. झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच या दोहोंच्या मध्ये उभा असतो. काम भराभर व्हावं म्हणून कोणी त्या स्विचला चिकटपट्टी लावली, की बाहेरच्या पट्टीला अर्थ उरत नाही. मराठी पुस्तिकेत हे एक वाक्य जास्तीचं घालावं, मूळ इंग्रजीत नसलं तरी.

इशाऱ्याच्या वाक्यातही असाच खड्डा आहे. वर्ग 2 चा इशारा किरणाकडे रोखून पाहू नका असं सांगतो. वर्ग 4 चा इशारा वेगळा: थेट किंवा परावर्तित होऊन, विखरून आलेला किरण डोळ्यावर वा त्वचेवर पडू देऊ नका. दोन्हींचं ‘लेझरकडे पाहू नका’ केलं की वाचणारा मान वळवतो आणि निश्चिंत होतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण तर दिसतच नाही. त्याची तरंगलांबी 10600 नॅनोमीटर. तेव्हा पाहण्या-न पाहण्याचा प्रश्नच कुठे येतो?

आता चष्मा. इंग्रजीत गॉगल म्हणजे डोळ्यांभोवती घट्ट बसणारं संरक्षक साधन. मराठीत गॉगल उन्हाचा. मॅन्युअलमध्ये नुसतं ‘गॉगल घाला’ लिहिलं तर माणूस रस्त्यावरचा काळा गॉगल घालेल. म्हणून ‘लेझर-संरक्षक चष्मा’ लिहावं आणि त्याच वाक्यात तरंगलांबी द्यावी. काचेचा रंग काही सांगत नाही. निळ्या डायोड लेझरचा नारिंगी चष्मा 450 नॅनोमीटरसाठी असतो, पण फायबर लेझरचा 1064 नॅनोमीटरचा अदृश्य किरण त्यातून आरपार जाऊ शकतो.

चष्म्यावरची खूण युरोपच्या EN 207 मानकाप्रमाणे साधारण अशी दिसते:

```
315-532 D LB5
```

पहिले आकडे तरंगलांबीची कक्षा. `D` म्हणजे सतत वाहणारा किरण. ठोक्याठोक्याने येणाऱ्याला `I`. `LB5` ही त्या किरणासमोर टिकण्याची पातळी. हिला मराठीत आणायचं नाही, ‘डी एलबी ५’सुद्धा करायचं नाही. दुकानात चष्मा निवडणारा माणूस मॅन्युअलमधली अक्षरं काचेवरच्या अक्षरांशी ताडून पाहणार आहे. खूण जशीच्या तशी छापावी आणि अर्थ खाली मराठीत द्यावा. तरंगलांबीचं एककही जुळवून द्यावं: मॅन्युअलमध्ये 10.6 मायक्रॉन आणि चष्म्यावर 10600 असेल, तर दोन्ही एकच आहेत हे लिहायला हवं.

काही चष्म्यांवर `OD 6` असतं. याला ‘प्रकाशीय घनता’ म्हटलं तर काच जाड आहे एवढंच कळतं. खरं तर हा शून्यांचा हिशेब आहे. 10 वॅटचा किरण `OD 4` मधून गेला की 1 मिलिवॅट उरतो, म्हणजे वर्ग 2 च्या मर्यादेइतका. `OD 3` मधून 10 मिलिवॅट उरतो. आकड्यात एकाचा फरक, डोळ्यावर दहापट. शिवाय ही पातळी चष्म्यावर लिहिलेल्या तरंगलांबीपुरतीच खरी. दुसऱ्या लेझरसाठी तिचा काही उपयोग नाही.

चष्मा चुकून आलेला किरण अडवण्यासाठी असतो, किरणात डोकावण्यासाठी नाही. मराठी मॅन्युअल छापायला देण्याआधी यंत्रावरची पट्टी, चष्म्यावरची खूण आणि पुस्तिकेतलं पान तिन्ही एका टेबलावर ठेवून एकेक अक्षर जुळतं का ते पाहा.