महामार्गावर इलेक्ट्रिक कारची रेंज का घटते?

इलेक्ट्रिक कारची रेंज दोन आकड्यांवर ठरते. बॅटरीतून वापरायला किती वीज मिळते हा पहिला आणि एक किलोमीटर जायला त्यातली किती खर्च होते हा दुसरा. बॅटरीतली वीज किलोवॅट-तासांत मोजतात. घरच्या वीजबिलातले एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास, अर्थात १,००० वॅट-तास. कारचा खर्च मात्र दर किलोमीटरला इतके वॅट-तास असा सांगतात. ४० युनिटांच्या बॅटरीवर किलोमीटरला १०० वॅट-तास खर्च झाले, तर कार ४०० किलोमीटर जाते. २०० झाले, तर २००. वेग वाढला की हा दुसरा आकडा फुगतो.

सपाट रस्त्यावर कार एकाच वेगाने चालत असताना वीज मुख्यतः तीन ठिकाणी जाते. पहिले ठिकाण टायर. चाक फिरताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा उसळतो. त्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा खर्च गाडीच्या वजनावर आणि टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो, वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. दुसरे ठिकाण एसी, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. त्यांचा खर्च तासाच्या हिशेबाने होतो, त्यामुळे गाडी जितकी वेगात, तितका तो किलोमीटरमागे कमी पडतो. तिसरे ठिकाण हवा, आणि महामार्गावरची खरी खर्चिक बाब तीच.

हवा डोळ्यांना दिसत नसली, तरी तिला वजन असते. मध्यम आकाराच्या एसयूव्हीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ साधारण २.४ चौरस मीटर धरले, तर एका किलोमीटरच्या प्रवासात तिच्या वाटेत २,४०० घनमीटर हवा येते. या हवेचे वजन पावणेतीन टनांच्या आसपास, म्हणजे गाडीहूनही जास्त भरते. वेग कितीही असो, एका किलोमीटरमध्ये वाटेत येणारी हवा तेवढीच असते. फरक पडतो तो ती किती जोराने ढकलावी लागते यात. ढकललेल्या वस्तूला मिळणारी ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून गाडीचा वेग दुप्पट झाला, की हवेपायी दर किलोमीटरला होणारा खर्च चौपट होतो.

गाडीचा आकार किती सफाईदार आहे, यावर त्यातला किती भाग प्रत्यक्ष भरावा लागतो हे ठरते. अभियंते त्यासाठी वातरोधाचा गुणांक वापरतात. उंच, चौकोनी ठेवणीच्या गाडीत तो जास्त असतो, तर बुटक्या आणि मागे निमुळत्या होत जाणाऱ्या सेडानमध्ये कमी.

आता एक नमुना हिशेब. माणसांसह १,६०० किलो वजनाची, वापरायला ४० युनिटे देणारी एसयूव्ही घेऊ. तिचा वातरोधाचा गुणांक एक तृतीयांश धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाला हवेपायी किलोमीटरमागे सुमारे ६३ वॅट-तास लागतात आणि टायरपायी ४४. बॅटरीपासून चाकापर्यंत येताना होणारी घट आणि एसीचा खर्च मिळवला, की एकूण आकडा १३४ च्या घरात जातो आणि रेंज ३०० किलोमीटर येते. वेग १०० केला, की टायरचे ४४ तसेच राहतात, पण हवेचे ६३ वरून ९९ होतात. एकूण खर्च १७२ आणि रेंज २३३ किलोमीटर. वेग १२० झाला, की एकट्या हवेलाच १४२ वॅट-तास द्यावे लागतात. एकूण खर्च २१९ वर जातो आणि रेंज १८३ किलोमीटरवर येते. वेग ८० वरून १२० झाला, म्हणजे दीडपट वाढला. रेंज मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली.

कंपनीने जाहीर केलेल्या रेंजशी हे आकडे जुळत नाहीत, कारण ती मोजण्याची रीतच वेगळी असते. भारतात पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ही चाचणी रोलरवर ठरावीक वेगक्रमाने घेतात. प्रचलित भारतीय वेगक्रमात सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो आणि कमाल वेग ९०. समृद्धी महामार्गावर कारसाठी १२० ची मर्यादा आहे. ज्या वेगाला हवा सर्वांत जास्त वीज खाते, तो चाचणीत येतच नाही.

पेट्रोल कारचा मायलेज महामार्गावर शहरापेक्षा बरा मिळतो, मग इलेक्ट्रिकचे उलटे का? हवा दोघींनाही सारखीच अडवते. पण पेट्रोल इंजिन शहरात कमी भारावर आणि सिग्नलला नुसते चालू राहून बरेच इंधन वाया घालवते. महामार्गावर ते अधिक कार्यक्षमतेने चालते, त्यामुळे हवेचा वाढलेला खर्च काही वेगापर्यंत झाकला जातो. इलेक्ट्रिक मोटर दोन्हीकडे कार्यक्षमच असते. शिवाय शहरात वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत भरते. महामार्गावर एकाच वेगाने जाताना परत मिळवण्यासारखे काही उरत नाही.

हवेच्या बाबतीत महत्त्वाचा असतो तो हवेच्या तुलनेतला वेग. ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीला समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, तर हवा तिला १२० च्या वेगाइतकीच अडवते. आपल्या नमुन्यातल्या गाडीचा खर्च १७२ वरून २२१ वर जातो. तोच वारा पाठीमागून असेल, तर तो १३१ वर उतरतो. टपावरच्या कॅरियरमुळे आणि त्यावर बांधलेल्या सामानामुळेही असाच खर्च वाढतो.

वेगाने वाचलेला वेळ चार्जिंगमध्ये कितपत जातो, हेही मोजता येते. १५० किलोमीटरला ताशी १०० ने दीड तास लागतो आणि १२० ने सव्वा तास. बचत पंधरा मिनिटांची. त्यासाठी सात युनिटे जास्त खर्च होतात. ३० किलोवॅटच्या चार्जरवर ती भरायला चौदा मिनिटे लागतात, ६० किलोवॅटच्या चार्जरवर सात. म्हणजे संथ चार्जरवर जवळजवळ सगळी बचत परत जाते, जलद चार्जरवर निम्मी हाती राहते.

डॅशबोर्डवर दिसणारी उरलेली रेंज बहुतेक गाड्यांत अलीकडच्या वापरावरून काढलेली असते. शहरातून नुकत्याच निघालेल्या गाडीत ती फुगलेली दिसते आणि महामार्गावर भराभर उतरते. बॅटरीत दोष नसतानाही हे घडते. नेमका अंदाज हवा असेल, तर महामार्गाला लागल्यावर ट्रिप मीटर शून्यावर आणावे आणि वीसेक किलोमीटरनंतर सरासरी खर्च पाहावा. काही गाड्या तो एका युनिटला किती किलोमीटर असा दाखवतात. तेव्हा १,००० ला त्या आकड्याने भागले, की वॅट-तास मिळतात. लांबच्या प्रवासात बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भरतात आणि १० टक्क्यांच्या खाली उतरू देत नाहीत, म्हणून हिशेबाला ४० नव्हे, २८ युनिटेच धरावीत. १७२ च्या खर्चाला त्यात सुमारे १६० किलोमीटर होतात, २१९ च्या खर्चाला १२८. पुढचा चार्जर १४० किलोमीटरवर असेल, तर या गाडीला तिथे राखीव दहा टक्के शिल्लक ठेवून ताशी १०० ने पोहोचता येते, १२० ने येत नाही.