खोकं शेवटी

व्हॉलीबॉलच्या उन्हाळी शिबिरात पहिल्याच दिवशी लाकडी खोकी मांडली जातात आणि बारा-तेरा वर्षांची मुलं रांगेनं त्यांवर उड्या मारू लागतात. बॉक्स जंप दिसायला जोरदार असते आणि पालकांनाही आवडते. पण उडीच्या व्यायामांत, म्हणजे प्लायोमेट्रिक्समध्ये, तिची पाळी शेवटची आहे.

पाय जमिनीला टेकला की स्नायू आणि टाच-गुडघ्याचे कंडरे क्षणभर ताणले जातात आणि गलोलीच्या रबरासारखे उलटा जोर देतात. हा जोर मिळायचा तर टेकणं आणि उसळणं यांत फार वेळ जाता कामा नये. घोट्याच्या चटपटीत उड्यांमध्ये तो पाव सेकंदाहूनही कमी असतो. पण ताण झेलणारे कंडरे जिथे हाडाला जोडलेले असतात, तिथे वाढत्या वयात अजून कूर्चा असते. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर हा ओढा पुन्हा पुन्हा बसला की तो भाग सुजतो आणि दुखतो. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. उंची झपाट्यानं वाढत असते त्याच काळात हे जास्त होतं. म्हणून मुलांची उंची महिन्यातून एकदा मोजावी आणि ती भराभर वाढताना दिसली की उड्या निम्म्यावर आणाव्यात.

मोजायचं काय, तर पाय जमिनीवर आपटण्याची संख्या. नवशिक्या मोठ्या खेळाडूंसाठी एका सत्रात साधारण 80 ते 100 ही मर्यादा सांगतात. शाळकरी मुलांसाठी मी 60च्या वर जाणार नाही. सत्रं आठवड्यातून दोनच, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती.

समजा, तेरा वर्षांची एक मुलगी आठ आठवड्यांसाठी आली आहे. पहिले दोन आठवडे ती फक्त उतरायला शिकेल. जागेवर उडी मारायची, दोन्ही पायांवर उतरायचं आणि तीन सेकंद तसंच थांबायचं, अशा पाच-पाचच्या तीन फेऱ्या. त्यानंतर गुडघे फारसे न वाकवता घोट्यांवरच्या छोट्या उड्या, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. एकूण 45. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रेषेच्या या बाजूनं त्या बाजूला उड्या आणि जागेवरून लांब उडी मारून थांबणं येतं, संख्या 55. पाचव्या-सहाव्यात गुडघ्याच्या बऱ्याच खाली राहतील असे चार अडथळे आणि एका पायावर उतरणं, संख्या 60. सातव्या आठवड्यात कुठे 30 सेंटिमीटरचं खोकं येतं, तेही चार-चारच्या तीनच फेऱ्यांसाठी, आणि एकूण संख्या पुन्हा 50च्या आसपास उतरते. व्यायाम कठीण झाला की संख्या वाढवायची नसते, हा नियम शिबिरांत सर्वांत जास्त मोडला जातो.

एका पायावर उतरण्याला मी मुद्दाम वेळ देतो. उजव्या हाताने स्मॅश मारणारी बरीच मुलं हवेत कलतात आणि डाव्या पायावर एकट्यानं उतरतात. सगळा भार एकाच गुडघ्यावर येतो आणि सामन्यात ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

खोक्यावर चढताना तसा धक्का कमीच बसतो, कारण वरून खाली पडण्याचं अंतर थोडं असतं. धक्का बसतो तो खोक्यावरून उडी मारून खाली येताना. म्हणून एकेक पाय ठेवून उतरायचं. खोकं उंच केलं की मुलं उडी वाढवत नाहीत, गुडघे छातीशी घेतात. खोक्यावर उतरताना मांड्या जमिनीला समांतर रेषेच्या खाली जात असतील तर खोकं तिच्यासाठी उंच आहे. खोक्यावरून खाली पडून लगेच वर उसळण्याची उडी सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी ताकदवान, सरावलेल्या खेळाडूंसाठी मांडली होती. या वयात तिला हात लावू नये.

थांबायचं कधी, हे कानाला कळतं. उतरण्याचा धप्पकन आवाज येऊ लागला, गुडघे आत वळू लागले किंवा जमिनीवर पाय रेंगाळू लागला की फेरी तिथेच संपवायची, संख्या राहिली तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना वाटीखाली दुखलं तर पुढचं सत्र रद्द, आणि दुखणं आठवड्याहून जास्त टिकलं तर डॉक्टर.

आणि सरावातले स्मॅश-ब्लॉकही याच हिशेबात धरावे लागतात. ज्या दिवशी नेटजवळ चाळीस उड्या झाल्या, त्या दिवशी प्लायोमेट्रिक्सचं सत्र नको. सत्र घ्यायचंच तर वॉर्मअपनंतर लगेच, ताज्या पायांनी, आणि शक्यतो सिमेंटवर नाही, मातीवर किंवा लाकडी मैदानावर. सामन्याच्या आठवड्यात दोनपैकी एक सत्र गाळावं आणि सामन्याआधीच्या दोन दिवसांत एकही घेऊ नये.